पालाश 'भरपूर' दाखवणाऱ्या काळ्या जमिनीचं खत ठरवण्याआधी

कापसाच्या भारी काळ्या रानाचा नमुना खतं पडण्याआधी घ्या. उन्हाळ्यात भेगांमध्ये वरची माती पडलेली असते, तेव्हा भेगेतली माती उचलू नका. पऱ्हाटी जाळलेली जागाही टाळा, कारण राखेत पालाश असतो. माती सावलीतच वाळवा. ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात वाळवली, तर चिकणमातीच्या पापुद्र्यांतलं पोटॅशियम सुटतं किंवा अडकतं आणि आकडा बदलतो.

प्रयोगशाळेला देताना विनिमयक्षम पोटॅशियमसोबत, म्हणजे मातीच्या कणांनी सैल धरलेल्या पोटॅशियमसोबत, धन आयन विनिमय क्षमताही मागा, म्हणजे माती असे धन आयन एकूण किती धरू शकते ते कळतं. अहवालातला आकडा पोटॅशियमचा आहे की पालाशचा, हेही विचारून घ्या, पोटॅशियमला 1.2 ने गुणलं की पालाश येतो. समजा, किलोमागे 145 मिलिग्रॅम पोटॅशियम आलं. 2.24 ने गुणल्यास हेक्टरी 325 किलो, म्हणजे कागदावर भरपूर. पण 391 ने भागल्यावर ते किलोमागे 0.37 सेंटिमोल भरतं. क्षमता त्याच एककात 55 असेल, तर त्यातला पोटॅशियमचा वाटा जेमतेम 0.7 टक्के, बाकी जागा मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमने धरलेली. क्षमता 12 असलेल्या हलक्या जमिनीत तेवढंच पोटॅशियम 3 टक्के भरतं आणि मुळांना कितीतरी सहज मिळतं. त्यामुळे दोन्ही रानांना एकच मर्यादा लावणं आम्हाला चुकीचं वाटतं.

खरा उलगडा स्थिरीकरणाच्या, म्हणजे दिलेलं पोटॅशियम पापुद्र्यांत किती अडकतं त्याच्या चाचणीत होतो, म्हणून तिच्यासाठी अर्धा किलो माती वेगळी ठेवा. सारख्या वजनाचे चार भाग करून त्यात पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातून किलोमागे 0, 50, 100 आणि 200 मिलिग्रॅम पोटॅशियम द्या. दोन-तीनदा ओलवा, सावलीत वाळू द्या, मग अमोनियम ॲसिटेटने काढून मोजा. 100 दिल्यावर आकडा 145 वरून 245 ऐवजी 195 वरच थांबला, तर निम्मं पापुद्र्यांत अडकलं. चाचणीआधी मातीत युरिया किंवा अमोनियमचं कोणतंही खत मिसळलेलं नको. अमोनियम त्याच जागा अडवतं आणि स्थिरीकरण खोटंच कमी दिसतं.

आता हिशेब करा. पातळी 25 मिलिग्रॅमने वाढवायला हेक्टरी 56 किलो पोटॅशियम लागतं. निम्मं अडकणार म्हणून 112 किलो, म्हणजे 134 किलो पालाश. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश 60 टक्के, तेव्हा 224 किलो, साधारण साडेचार गोण्या. एवढा खर्च सहसा परवडत नाही. अशा रानात सगळी माती भरून काढण्याचा विचार सोडा आणि पिकापुरती मात्रा ओळीशेजारी पट्ट्यात मातीआड करा. पट्ट्यात खताचा कमी मातीशी संबंध येतो, म्हणून कमी अडकतं. फोकून दिलेलं खत वरच्या थरातच राहतं, आणि तो थर सुकला की मुळं तिथून काही घेत नाहीत.

साठा किती, हे पाहायचं असेल तर उकळत्या नायट्रिक आम्लाची चाचणी जोडा. त्यातून विनिमयक्षम आकडा वजा करा. उरलेलं हळूहळू सुटतं. बोंडं भरताना पिकाची मागणी वाढते, तेव्हा तेवढा वेग पुरेलच असं नाही.