फोटोवरून लाईटच्या पोलची उंची कशी काढायची (आणि कुठे हमखास चुकतं)

मी सोसायट्यांची आणि वाड्यावस्त्यांवरची स्ट्रीट लाईटची कामं घेतो, त्यामुळे शिडी केवढी न्यायची हे आधी कळावं लागतं. बरेच जण सांगतात की पोलशेजारी माणूस उभा करा, फोटो काढा, माणूस किती वेळा बसतो ते मोजा, झालं. असं केलं की उंची चुकतेच, आणि चुकते ती जवळजवळ प्रत्येक वेळी कमीच येते.

पहिली गोष्ट, फोटोतून उंची "मोजायची" नसतेच. पोल ठरलेल्या मापात येतात, त्यातलं कुठलं माप समोर उभं आहे एवढंच फोटोने ठरवायचं. गल्लीतले सिमेंटचे, म्हणजे पीएससी पोल आपल्याकडे बहुतेक 8 मीटर नाहीतर 9 मीटरचे. ही लांबी अख्ख्या पोलची, त्यातला साधारण दीड मीटर जमिनीत जातो. म्हणजे आठचा पोल जमिनीवर साडेसहा दिसणार आणि नऊचा साडेसात. दोघांत एक मीटरचा फरक आहे, त्यामुळे तुमचं माप वीस-पंचवीस सेंटीमीटरने इकडेतिकडे गेलं तरी उत्तर बरोबर येतं. पण मीटरभर गेलं तर सगळंच गेलं. (11 केव्हीची लाईन आहे म्हणजे पोल नऊचाच असणार, असं धरून चालू नका, खेड्यात ती लाईन आठच्या पोलवरही असते. आणि पोलवर रंगवलेला नंबर म्हणजे उंची नव्हे.)

सामान फार नाही. दोन मीटर मोजून कापलेली कोरडी काठी, तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप. काठी पोलला चिकटून सरळ उभी धरायला एक माणूस. पाऊस असेल, पोल ओला किंवा लोखंडी असेल तर हात लावायचा नाही, काठी वीतभर बाजूला धरायची. आणि काठी, पाईप, टेप काहीही तारांच्या दिशेने वर न्यायचं नाही, अजिबात नाही.

आता फोटो. खरी गोम इथे आहे आणि मी इथेच फसलो होतो. एका गल्लीत जागा कमी म्हणून पोलपासून सहा मीटरवर उभा राहिलो, टोक फ्रेममध्ये येईना म्हणून मोबाईल वर तिरपा केला, फोटो छान आला. हिशोब केला तर उंची आली पाच मीटर. त्या हिशोबाने शिडी नेली आणि पोल निघाला जमिनीवर साडेसहा मीटरचा, सगळं काम दुसऱ्या दिवसावर गेलं.

झालं काय तर मोबाईल वर तिरपा केला की पोलचं टोक कॅमेऱ्यापासून लांब जातं आणि फोटोत आखूड होतं, खालचा भाग मात्र त्या मानाने मोठा दिसतो. उंच बिल्डिंगचा फोटो खालून काढला की ती मागे पडल्यासारखी, वर निमुळती दिसते ना, तेच. तुमची काठी तर पोलच्या बुडाशी, म्हणजे जिथे सगळं मोठं दिसतं तिथे. मोठ्या दिसणाऱ्या काठीने आखूड दिसणारा पोल मोजला तर तो कमी भरणारच. माझ्या त्या फोटोत मोबाईल साधारण वीस अंश वर झुकलेला होता, तेवढ्याने दीड मीटर खाल्ला.

उपाय एकच, मोबाईल भिंतीसारखा उभा धरायचा. वर नाही, खाली नाही. कॅमेऱ्यात ग्रिड चालू करा आणि दोन आडव्या रेघांच्या बरोबर मधली जागा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे काठी धरणाऱ्याच्या चेहऱ्याच्या आसपास येऊ द्या (जमीन सपाट असेल तर, आणि तो तुमच्याएवढाच उंच असेल तर). फोटोच्या खालच्या अर्ध्यात नुसता रस्ता येतो, फोटो घाण दिसतो, दिसू दे. टोक फ्रेममध्ये येत नसेल तर मोबाईल तिरपा करायचा नाही, मागे सरकायचं. मी वीस मीटरपेक्षा जवळून काढतच नाही. लांबून एक फायदा असा की हात थोडा हलला तरी चालतं, वीस मीटरवर पाच अंश तिरपा झाला तरी साडेसहाच्या पोलला पंधरा सेंटीमीटरच्या आसपासच फरक पडतो. ०.५ वाली वाईड लेन्स वापरू नका, ती कडेचं सगळं ताणते. पोल फोटोच्या मधोमध ठेवा.

दुसरी चूक, काठी किंवा माणूस पोलच्या पुढे उभा करणं. सहा मीटरवरून फोटो काढताना माणूस पोलच्या एक मीटर पुढे असला तर तो वीस टक्के मोठा दिसतो आणि पोल सोळा-सतरा टक्के बुटका निघतो. पोलच्या बाजूला, तुमच्यापासून त्याच अंतरावर उभं राहायचं, पुढेही नाही मागेही नाही.

फोटो कॉम्प्युटरवर पेंटमध्ये उघडा, कर्सर नेला की खाली आकडे दिसतात. पोलचं बूड, काठीचं टोक आणि पोलचं टोक, तीन ठिकाणचे उभे आकडे लिहून घ्या. बुडाच्या आकड्यातून काठीच्या टोकाचा आकडा वजा केला की काठी, आणि पोलच्या टोकाचा वजा केला की पोल.

परवाचं एक उदाहरण देतो. काठी आली 290 पिक्सेल, पोल बुडापासून टोकापर्यंत 935. 935 भागिले 290 म्हणजे 3.22, गुणिले 2 मीटर, 6.45 मीटर. त्यात जमिनीतला दीड मिळवला की 7.95, म्हणजे पोल आठचा. दिव्याचा ब्रॅकेट बुडापासून 720 पिक्सेलवर होता म्हणजे जवळजवळ पाच मीटर, आणि शिडी त्या पाचवरून ठरवली, पोलच्या टोकावरून नाही. काठी मोजताना पाच पिक्सेल चुकले तरी उंचीत दहा-अकरा सेंटीमीटरचाच फरक येतो, म्हणून काठी दोन मीटरची घ्या, फूटपट्टी किंवा पाण्याची बाटली ठेवून हे होत नाही.

उत्तर बरोबर मधे, सात मीटर आलं तर? अंदाजाने आठ किंवा नऊ ठोकून देऊ नका. आणखी दहा मीटर मागे जाऊन दुसरा फोटो काढा. आकडा बदलला तर पहिल्या फोटोत मोबाईल तिरपा होता. दोन्ही वेळा सातच आलं तर फोटो बरोबर आहे, आता जमीन बघा. रस्त्यावर डांबराचे थर चढून नऊचा पोल अर्धा मीटर गाडला गेलेला असतो, किंवा खाली कातळ लागला म्हणून आठच्या पोलचा खड्डा कमी खणलेला असतो. बुडाशी काँक्रीटचा ओटा असेल तर माप रस्त्यापासून घ्या, ओट्यावरून नाही.

पोल कललेला असेल तर तो डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेला दिसेल अशा बाजूने फोटो काढा आणि पोलच्या रेषेत तिरकं मोजा. तुमच्याकडे झुकलेला पोल फोटोत सरळच दिसतो पण उंच भरतो.

नवीन रस्त्यांवरचे अष्टकोनी लोखंडी पोल वेगळे. बुडाशी चौकोनी प्लेट आणि चार बोल्ट दिसले की समजायचं हा जमिनीत पुरलेला नाही, फाउंडेशनवर बसवलेला आहे. त्यात दीड मीटर मिळवायचा नाही, प्लेटपासून जेवढं भरेल तेवढाच पोल. फक्त दिव्याचा आडवा हात टोकाच्या वर जातो, तो पोलच्या उंचीत धरू नका, दिव्याची उंची वेगळी काढा.