पल्स संपतो तिथून दुसरं गणित सुरू होतं

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी एका प्रॅक्टिकलमध्ये मी सलग तीन कपॅसिटर लावून बघितले होते. तिन्ही चांगले होते. चूक माझ्या मोजण्यात होती आणि ती कळायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. आरसी लो-पासला एकच चौकोनी पल्स दिला तर आउटपुट किती उंच जाईल आणि परत शांत व्हायला किती वेळ लागेल, हा प्रश्न दिसतो सोपा. व्हायवात, इंटरव्ह्यूत, गेटच्या पेपरात तो पुन्हा पुन्हा भेटतो आणि माणसं त्याच त्याच जागी पडतात. मीही तिथेच पडले होते.

सर्किट तुम्हाला माहीत आहे. १० किलोओहमचा रेझिस्टर, पुढे जमिनीला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर (तोच तो १०४ लिहिलेला तपकिरी डिस्क) आणि आउटपुट कपॅसिटरवरून. टाऊ १ मिलिसेकंद. इनपुट ० वरून ५ व्होल्टला जातं, २ मिलिसेकंद तिथे राहतं आणि परत ० ला येतं. पल्सआधी कपॅसिटर रिकामा आहे.

पीक काढायला फारसं काही लागत नाही. पल्स चालू आहे तोवर कपॅसिटरच्या दृष्टीने तो स्टेपच असतो. पुढे इनपुट खाली येणार आहे याची त्याला काही कल्पना नसते. म्हणून तो नेहमीसारखा ५ व्होल्टच्या दिशेने चढत राहतो आणि २ मिलिसेकंदांना जिथे पोचलेला असेल तेच पीक.

```
Vp = V (1 - e^(-T/tau))
   = 5 (1 - e^(-2)) = 4.32 V
```

पीक नेहमी पल्सच्या शेवटच्या क्षणीच येतं, आधी नाही आणि नंतरही नाही. एकाच आरसीत आउटपुट पल्सनंतर आणखी थोडं वर चढत नाही. तसं दिसलं तर सर्किटमध्ये दुसरा एखादा कपॅसिटर किंवा इंडक्टर लपलेला आहे असं समजा.

आता माझी गोष्ट. जर्नलमध्ये लिहायचं होतं, 'टाऊ प्रत्यक्ष मोजा'. पाठ केलेलं होतं की आउटपुट ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला लागणारा वेळ म्हणजे टाऊ. स्क्रीनवर सगळ्यात उंच जागा दिसली ४.३२ व्होल्ट. त्याचे ६३ टक्के म्हणजे साधारण २.७३. कर्सर तिथे नेला, वेळ आला ०.७९ मिलिसेकंद. यायला हवा होता १. कपॅसिटर बदलला, ०.७८. आणखी एक बदलला, ०.८०. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "टॉलरन्स असेल, लिहून टाक." डिस्क कपॅसिटरमध्ये २० टक्के फरक असू शकतो हे खरं आहे, आणि माझी चूक नेमकी २१ टक्क्यांची होती. म्हणून कोणालाच शंका आली नाही. मी तसंच लिहिलं, सही मिळाली आणि चुकीची समजूत पक्की झाली.

इथे थांबून नीट बघा, कारण माझं सगळं इथेच बिघडलं होतं. चढताना ६३ टक्के कशाचे? कपॅसिटर जिकडे निघालेला आहे त्या व्होल्टेजचे. तो निघाला होता ५ व्होल्टकडे. पोचला नाही, पल्स मध्येच संपला, हा त्याचा दोष नाही. म्हणजे कर्सर ५ च्या ६३ टक्क्यांवर, ३.१६ व्होल्टवर हवा होता. तिथे वेळ बरोबर १ मिलिसेकंद मिळतो. स्क्रीनवर जो माथा दिसतो ते त्याचं मुक्कामाचं ठिकाण नव्हतं, वाटेत अडवलं गेलं ती जागा होती. पल्स पाच-सहा टाऊंपेक्षा लांब असेल तर माथा आणि मुक्काम जवळपास एकच होतात आणि चूक झाकली जाते. वर्गातल्या सगळ्या आकृत्यांमध्ये पल्स भरपूर लांब काढलेला असतो. म्हणूनच ही चूक वर्गात कधी दिसत नाही.

यातून सुटायचा सोपा मार्ग मला नंतर एका लॅब असिस्टंटने दाखवला. ते पाठ्यपुस्तक उघडायचे नाहीत, पण कोणत्याही सरांपेक्षा जास्त शिकवायचे. ते म्हणाले, "टाऊ चढणीवर मोजू नकोस, उतरणीवर मोज." उतरताना कपॅसिटर शून्याकडे निघालेला असतो आणि शून्य कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं. पीक काहीही असो, त्याच्या ३७ टक्क्यांवर यायला बरोबर एक टाऊ लागतो. ४.३२ चे ३७ टक्के म्हणजे १.५९ व्होल्ट. पल्स संपल्यापासून १ मिलिसेकंदाने तिथे यायलाच हवं. हे एकदा हाताने मोजून बघा, मग विसरणार नाही. फक्त स्कोपचं कपलिंग डीसीवर ठेवा. एसीवर राहिलं आणि हाच पल्स दर २० मिलिसेकंदांनी येत असेल, तर सरासरी ०.५ व्होल्टने सगळा आलेख खाली सरकतो आणि शेपूट शून्याखाली जाते. मग ३७ टक्के कशाचे, हा घोळ पुन्हा सुरू.

कागदावर याच चुकीचं जुळं भावंड भेटतं. उतरणीचं समीकरण लिहिताना बरेच जण सरळ ५ गुणिले ई चा घात वजा टी भागिले टाऊ लिहून मोकळे होतात. मीही लिहायचे. पल्स संपतानाच्या क्षणाची, म्हणजे २ मिलिसेकंदांची, किंमत त्यात घाला. उत्तर येतं ०.६८ व्होल्ट. चढणीचं समीकरण त्याच क्षणी ४.३२ देतं. कपॅसिटरवरचं व्होल्टेज एका क्षणात ४.३२ वरून ०.६८ वर कसं पडेल? त्यासाठी अमर्याद करंट लागेल आणि मध्ये तर १० किलोओहम बसलाय. आलेख तुटला की समीकरण चुकलं. दुसरं काही तपासायची गरजच नाही. बरोबर समीकरण पीकपासून निघतं आणि त्याचं घड्याळ पल्स संपल्यावर चालू होतं:

```
v(t) = Vp e^(-(t-T)/tau),   t > T
```

पडताळा हवा असेल तर पल्स म्हणजे दोन स्टेप समजा. एक शून्य क्षणी वर जाणारी, दुसरी २ मिलिसेकंदांनी खाली येणारी. दोघींची उत्तरं बेरीज करून ३ मिलिसेकंदांना किंमत काढा. तीही १.५९ च येते. परीक्षेत वेळ असेल तर हा पडताळा करा. नसेल तर आलेख जोडलेला आहे ना एवढं तरी बघाच.

आता शांत व्हायचा वेळ. 'पाच टाऊ' हे उत्तर मला मनापासून आवडत नाही. पाठ करायला सांगणारे सर चांगल्या हेतूने सांगतात हे मला मान्य आहे, पण त्या दोन शब्दांत तीन प्रश्न गिळलेले असतात: कधीपासून, कशापासून आणि कशापर्यंत. वेळ पल्सच्या शेवटापासून मोजायचा, सुरुवात पीकपासून धरायची आणि 'कशापर्यंत' हे प्रश्न विचारणाऱ्याने सांगायला हवं. त्याने सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा. इंटरव्ह्यूत हे विचारल्याने कोणी तुम्हाला कमी लेखत नाही.

```
ts = tau ln(Vp / Vlimit)
```

समजा मर्यादा ५० मिलिव्होल्ट आहे, म्हणजे इनपुटच्या एक टक्का. ४.३२ भागिले ०.०५ म्हणजे साधारण ८६, त्याचा लॉग ४.४६. पल्स संपल्यावर ४.४६ मिलिसेकंद, पल्सच्या सुरुवातीपासून ६.४६. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण कोणता मागितलाय ते वाचा. माझे एकदा पूर्ण गुण याच फरकात गेले.

आता हाच पल्स ०.२ मिलिसेकंदांचा करा. पीक येतं फक्त ०.९१ व्होल्ट, आणि ५० मिलिव्होल्टखाली यायला २.९० मिलिसेकंद पुरतात. टाऊ तोच, वेळ मात्र बराच कमी, कारण उतरण कमी उंचीवरून सुरू झाली. पण कोणी 'पीकच्या एक टक्क्यापर्यंत' असं विचारलं, तर दोन्ही पल्सना सारखाच वेळ लागतो, ४.६ टाऊ. एका शब्दाने उत्तर बदलतं.

आणि पाच टाऊ नेहमी पुरतात हेही खरं नाही. अर्डुइनो उनोच्या १० बिट एडीसीला हे आउटपुट दिलंत, तर ५ व्होल्टवर त्याची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची असते. पाच टाऊंनंतर कपॅसिटरवर अजून २९ मिलिव्होल्ट शिल्लक असतात, म्हणजे जवळपास सहा पायऱ्या. शून्य दिसायला हवं तिथे ५-६ दिसतं आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. अर्ध्या पायरीच्या आत यायचं असेल तर साडेसात टाऊ थांबावं लागतं. इथे घाबरण्यासारखं काही नाही. लॉगमध्ये मर्यादा बदलली की उत्तर बदलतं, एवढंच आहे.

शेवटी एक गोष्ट, जी पुस्तकात एका ओळीत असते आणि ब्रेडबोर्डवर अख्खी दुपार खाते. 'पल्स संपला' म्हणजे इनपुट शून्य व्होल्टला बांधलं गेलं, मोकळं सुटलं असं नाही. फंक्शन जनरेटर हे काम स्वतःच करतो, त्याचे आतले ५० ओहम १० किलोपुढे नगण्य आहेत. पण जनरेटर रिकामा नसला की आपण ५ व्होल्टची तार आणि पुश बटण घेऊन पल्स देतो. बटण सोडलं की रेझिस्टरचं डावं टोक हवेत लटकतं आणि कपॅसिटरला रिकामं व्हायला रस्ताच उरत नाही. उरतो फक्त स्कोपचा प्रोब. तो दहापटीवर असेल तर १० मेगाओहम, म्हणजे टाऊ मिलिसेकंदावरून थेट १ सेकंदावर. स्क्रीनवर आउटपुट वर जाऊन तिथेच अडकल्यासारखं दिसतं. गंमत म्हणजे प्रोब एकपटीवर केला की तेच दहापट वेगाने उतरतं, आणि दोष कुठे आहे ते यावरूनच ओळखता येतं. बटण आणि रेझिस्टर जिथे जुळतात तिथून जमिनीला १ किलोओहम लावा. चढण आहे तशीच राहते, उतरणीच्या वाटेत आता ११ किलोओहम येतात आणि टाऊ १.१ मिलिसेकंद होतो. जर्नलमध्ये चढणीचा आणि उतरणीचा टाऊ वेगवेगळा लिहा आणि शेजारी कारणही लिहा.