दोन स्प्रिंगांच्या मधला ठोकळा: एकसर की समांतर?

बारावीच्या मुलांना दोलने शिकवताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. सूत्रे सगळ्यांना पाठ असतात, अडते ते जोडणी ओळखण्यात. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी सांगतो, की आकृती कशी दिसते ते बाजूला ठेवा आणि एवढेच विचारा: दोन्ही स्प्रिंगांमध्ये सारखे काय आहे, बल की लांबीतला बदल?

20 N/m आणि 30 N/m अशा दोन स्प्रिंगा घ्या. एकीखाली दुसरी अडकवून तळाशी 200 ग्रॅमचे वजन टांगा. त्याचे 1.96 N बल दोन्ही स्प्रिंगांना पूर्ण सोसावे लागते. पहिली 9.8 सेंमी ताणते, दुसरी साधारण 6.5 सेंमी, म्हणजे वजन एकूण 16.3 सेंमी खाली येते. 1.96 ला 0.163 ने भागा, 12 N/m मिळतात. एकसर जोडणीचे 1/k = 1/k₁ + 1/k₂ हे सूत्र इथूनच येते. जोडी दोघींपेक्षाही मऊ झाली आणि T = 2π√(m/k) नुसार आवर्तकाल 0.81 सेकंद आला.

आता तेच वजन गुळगुळीत टेबलावर ठेवा आणि डावीकडची स्प्रिंग एका भिंतीला, उजवीकडची दुसऱ्या भिंतीला जोडा. सगळे एका रेषेत दिसते, म्हणून बरेच जण ‘एकसर’ लिहून मोकळे होतात. पण ठोकळा x इतका उजवीकडे सरकवला, की डावी स्प्रिंग x ने ताणते, उजवी x ने दबते आणि दोन्ही त्याला डावीकडेच ढकलू पाहतात. लांबीतला बदल सारखा आहे, बलांची बेरीज होते. ही समांतर जोडणीच! k = 50 N/m, आवर्तकाल 0.40 सेकंद, म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी.

प्रयोगशाळेत समांतर जोडणी करताना स्प्रिंगा शेजारी-शेजारी टांगून खाली हलकी आडवी पट्टी लावतात. तिथे पट्टी आडवीच राहायला हवी. वर घेतलेल्या स्प्रिंगा 20 सेंमी पट्टीच्या टोकांना बांधून वजन बरोबर मध्यावर टांगले, तर दोघींवर निम्मे-निम्मे बल येते, मऊ स्प्रिंग जास्त ताणते आणि पट्टी तिरपी होते. मग मध्यबिंदूला जाणवणारा स्थिरांक 50 नसून 4k₁k₂/(k₁+k₂), म्हणजे 48 N/m असतो. वजन कडक स्प्रिंगेपासून 8 सेंमीवर टांगा, पट्टी सरळ राहील आणि 50 मिळतील.

एवढे करूनही मोजलेला आवर्तकाल थोडा जास्तच भरतो, कारण स्प्रिंगही वजनाबरोबर हलते. एकाच स्प्रिंगेच्या बाबतीत तिच्या वस्तुमानाचा तिसरा हिस्सा m मध्ये मिळवावा लागतो. वेगवेगळी वजने लावून T² विरुद्ध m असा आलेख काढा. रेषा आरंभबिंदूतून न जाता थोडी वरून गेली, तर ती वाकवून शून्यात आणू नका. चढ बरोबरच असतो, k = 4π²/चढ घ्या.