नाशिकला येताय? या चुका टाळा (आमच्या होमस्टेच्या पाहुण्यांसाठी)

सगळ्यात कॉमन चूक आधी. ट्रेन 'नाशिक रोड'ला थांबते आणि पाहुण्यांना वाटतं आलो, आता दोन मिनिटात रूमवर. अहो, तिथून आमची पंचवटी आठ-नऊ किलोमीटर आहे. बाहेर आलात की रिक्षावाले 'पंचवटी, रामकुंड, त्र्यंबक' ओरडत बॅगच धरतात आणि थकलेला माणूस पटकन बसतो. आपल्याकडे मीटर क्वचितच टाकतात, म्हणून बसायच्या आधी दोन गोष्टी विचारा: शेअर की स्पेशल, आणि भाडं सीटचं की पूर्ण रिक्षाचं? गेल्या महिन्यात एक काका-काकू 'पन्नास' ऐकून बसले, उतरताना कळलं की पन्नास एका सीटचे, आणि दोन बॅगांचे वेगळे! बॅगांचंही आधीच बोलून घ्या. किती घ्यायला हवेत ते कळत नसेल तर मोबाईलवर कॅबच्या ॲपमध्ये त्याच रूटचं भाडं बघा, त्याच्या आसपास स्पेशल ठरवा. घाई नसेल तर सिटीलिंकची निमाणीकडे जाणारी बस घ्या, निमाणीला उतरलात की आम्हाला फोन करा, आम्ही घ्यायला येतो.

आता बाजार. बुधवारी गोदाकाठचा आठवडे बाजार भरतो, भाजी, फळं सगळं मिळतं, पण द्राक्षं घेताना (जानेवारी ते मार्च खरा सीझन) लोक फक्त रंग बघतात. देठ बघा हो! देठ हिरवा असेल तर ताजी, तपकिरी कडक झाला असेल तर जुनी. घड हलकेच हलवला आणि मणी गळायला लागले तर पुढच्या गाडीवर जा. वरची पांढरी पावडर म्हणजे लगेच औषध समजू नका, ती बहुतेक वेळा द्राक्षाची स्वतःची लव असते, तरी धुवूनच खा. आणि खोक्यासकट वजन करू देऊ नका. ऐंशी रुपये किलोचा भाव आणि खोकं पाव किलोचं, म्हणजे वीस रुपये पुठ्ठ्याचे दिले की तुम्ही. खोकं आधी काट्यावर ठेवून शून्य करायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

पावसाळ्यात आलात तर मात्र घाटावर गाडी लावू नका. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदेचं पाणी चढायला लागतं, इथे घाटावर कोरडं आकाश असलं तरी. आम्ही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पुराचं माप तोच आमचा. त्याच्या पायाला पाणी लागलं म्हटलं की रामकुंडाच्या पायऱ्यांवर सेल्फी नको, शेवाळ्यावरून घसरलं तर खाली ओढ असते. काही झालंच तर ११२, आणि आम्हाला रात्री कधीही फोन करा, आम्ही उठतो.