सीए, सीएस की सीएमए? आधी प्रशिक्षणाची जागा शोधा

गेल्या जूनमध्ये खानापूरहून एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्या ऑफिसात आली. नुकतीच पीयूसी, म्हणजे बारावी कॉमर्स झालेली. वडिलांनी बसता बसताच विचारलं, "सर, सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट, सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरी आणि सीएमए म्हणजे कॉस्ट अकाउंटंट, या तिन्हीतलं स्वस्त कुठलं पडतंय?"

फीपासून सुरुवात केली की इथंच गाडी अडकते, कारण नोंदणीच्या फीत फारसा फरक नाही. सध्या सीएच्या इंटरमिजिएटला 18 हजार आणि फायनलला 22 हजार लागतात. सीएमएला त्याच टप्प्यांवर 23,100 आणि 25 हजार. सीएसची प्रवेश परीक्षा दोन हजारांत होते, पुढचे दोन टप्पे वेगळे. खरा खर्च क्लासचा आणि परगावी राहण्याचा. म्हणून मी कागदावर पहिला प्रश्न लिहिला: प्रशिक्षण कुठे करणार?

सीएला इंटरच्या पेपरांचे दोन्ही ग्रुप सुटले की दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली काम करत शिकणं. सीएसला प्रशिक्षण 21 महिने आणि सीएमएला 15 महिने. सीए सर्व परीक्षा पहिल्या झटक्यात सुटल्या तर बारावीनंतर साधारण साडेतीन वर्षांत होतं. पण एक ग्रुप अडकला की सगळंच पुढे सरकतं, तेव्हा घरात पाच वर्षांचा हिशेब धरा.

आता काम बघा. सीए ऑडिट आणि करांचं काम करतो, आणि आर्टिकलशिप देणारी ऑफिसं बेळगावातच आहेत. सीएस कंपनीच्या कायदेशीर कामकाजाचा, म्हणजे संचालकांच्या सभा, ठराव, सरकारी विवरणपत्रं यांचा जबाबदार अधिकारी. भरणा झालेलं भांडवल दहा कोटी किंवा जास्त असलेल्या कंपनीला पूर्णवेळ सीएस ठेवावाच लागतो. अशा कंपन्या पुणे, मुंबई, बेंगळुरूला जास्त, त्यामुळे घर सोडायची तयारी हवी.

सीएमए उत्पादनखर्च काढतो, आणि आपल्याकडे साखर कारखाने भरपूर, म्हणून हा मार्ग सोपा वाटतो. इथं एक गोष्ट तपासा. साखरेला कॉस्ट ऑडिटचा, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाच्या तपासणीचा नियम आहे, पण तो कंपनी कायद्यातला, तोही ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना. सहकारी कारखाना त्या कायद्याखाली येत नाही. गेटवरची पाटी वाचा: 'सहकारी' आणि 'नियमित', म्हणजे मर्यादित, असं असेल तर तिथं कॉस्ट ऑडिटची सक्ती नाही, सीएमए नेमायचा की नाही हे संचालक मंडळ ठरवणार. खासगी कंपनीच्या कारखान्यात मात्र कॉस्ट ऑडिट लागतं का ते विचारून या.

भाषेचंही आधीच बघा. सीएची उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायची, मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना कायद्याचा पेपर इथंच जड जातो. मी त्या मुलीला व्यापारी कायद्याचं एक प्रकरण वाचून दहा ओळी इंग्रजीत लिहायला सांगितलं. गणित पक्कं होतं, लिहिताना मात्र दोनदा अडखळली.

तिनं सीएच्या पहिल्या टप्प्याला, फाउंडेशनला नाव घातलं. खानापूर-बेळगाव रोज जाऊन-येऊन जमतं, खोलीचं भाडं वाचतं. त्या वाचलेल्या पैशांतून वडिलांनी कायद्याच्या पेपरसाठी तिला क्लास लावून दिला.