एक्झिक्युटर म्हणून काम करताना या चुका टाळा: आधी देणी, मग वाटप

मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी त्यात एक्झिक्युटर म्हणून नाव असलेली व्यक्ती बहुतेक वेळा घरातलीच असते, आणि घरातल्या माणसांना वाटपाची घाई असते. "तुमच्या नावावर एवढे लिहिले आहे, घेऊन टाका" हे वाक्य चांगल्या मनाने बोलले जाते. एक्झिक्युटरच्या अंगाशी येणाऱ्या बऱ्याच गोष्टी तिथूनच सुरू होतात. मृत व्यक्तीची सगळी मिळकत कायद्याने एक्झिक्युटरच्या ताब्यात येते ती वाटण्यासाठी, पण त्याआधी देणी फेडण्यासाठी. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्ये हा क्रम स्पष्ट दिला आहे. (मुस्लिम व्यक्तीच्या मृत्युपत्राला काही वेगळे नियम लागू होतात. देणी आधी, हे मात्र तिथेही आहेच.)

पुढचा सगळा लेख एकाच उदाहरणावर चालवू. आकडे मुद्दाम सोपे ठेवले आहेत.

एका व्यक्तीने मृत्युपत्रात फ्लॅट मुलीला दिला आहे. पुतण्याला 6 लाख, बहिणीला 4 लाख आणि एका संस्थेला 2 लाख रुपये द्यायला सांगितले आहेत. उरलेले सगळे मुलाला. फ्लॅटवर कर्ज नाही आणि तो भाड्याने दिलेला आहे. बचत खात्यात 3,50,000, मुदत ठेव 9,00,000 आणि शेअर 4,50,000 रुपयांचे, म्हणजे फ्लॅट सोडून हातात 17 लाख.

यादी फक्त मालमत्तेची करणे

मालमत्तेची यादी सगळेच करतात. देण्यांची यादी मात्र "कोणी मागायला आले की बघू" म्हणून राहून जाते. दोन्ही याद्या एकाच दिवशी सुरू करा, आणि सुरुवात पासबुकापासून करा. मागच्या दोन-तीन वर्षांचा बँक उतारा ओळीने वाचला की लपलेल्या गोष्टी आपोआप वर येतात. ईएमआय दिसला तर कर्ज आहे. वर्षातून एकदा ठरावीक रक्कम कापली गेली असेल तर ती विम्याचा हप्ता किंवा लॉकरचे भाडे असू शकते. लाभांशाची छोटी रक्कम जमा झाली असेल तर कुठेतरी शेअर आहेत. आयकर पोर्टलवर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी केली की वार्षिक माहिती विवरणातून ठेवींचे व्याज आणि शेअरचे व्यवहार दिसतात. या दोन कागदांतून जे हाती लागते, ते कपाट उपसून लागत नाही.

प्रत्येक बाबीपुढे तीन गोष्टी लिहा: मृत्यूच्या तारखेची किंमत, नाव एकट्याचे की संयुक्त, आणि नॉमिनी कोण. किंमत आजची लिहू नका, मृत्यूच्या दिवसाची लिहा.

नॉमिनीच्या रकान्यात हमखास गोंधळ होतो. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते, पण त्यामुळे नॉमिनी त्या पैशांचा मालक होत नाही. शेअर आणि डिबेंचरच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये हेच सांगितले आहे. त्यामुळे नॉमिनीच्या हातात गेलेली रक्कमही यादीत धरायची. आयुर्विमा याला अपवाद आहे: 2015 च्या दुरुस्तीनंतर पती किंवा पत्नी, आईवडील किंवा मुले नॉमिनी असतील, तर विम्याची रक्कम साधारणपणे त्यांचीच होते.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळाले असेल, तर ही यादी ते मिळाल्यापासून सहा महिन्यांत कोर्टात द्यावी लागते आणि एका वर्षाच्या आत हिशेब द्यावा लागतो (कलम 317). कोर्ट मुदत वाढवून देऊ शकते, पण त्यासाठी मागणी करावी लागते. जाणूनबुजून खोटी यादी दिली, तर तो गुन्हा ठरतो.

येणी वसूल करायला उशीर करणे हीसुद्धा याच टप्प्यावरची चूक आहे. मृत व्यक्तीने कोणाला हातउसने दिले असतील, तर त्याच्या वसुलीला मुदतीचा कायदा लागू असतो, आणि ती मुदत साधारण तीन वर्षांची असते. "नात्यातला आहे, देईल" म्हणून एक्झिक्युटर थांबला आणि मुदत टळली, तर ते नुकसान त्याने स्वतःच्या खिशातून भरून द्यायचे असते.

देणी कळण्याआधी वाटप करणे

आपल्या उदाहरणातला एक्झिक्युटर दुसऱ्याच महिन्यात पुतण्याला 6 लाख देऊन टाकतो. त्याचा हिशेब असा: 17 लाखांतून तिघांचे 12 लाख गेले, तरी 5 लाख उरतात. मग अडचण कसली?

पुढच्या काही महिन्यांत देणी समोर येत जातात. शेवटच्या आजारपणाचे दवाखान्याचे बिल 1,80,000. अंत्यविधी 40,000. प्रोबेट आणि वकिलाचा खर्च 1,30,000. घरकाम करणाऱ्या बाईंचा दोन महिन्यांचा पगार 30,000. वैयक्तिक कर्ज 4,20,000, क्रेडिट कार्ड 60,000, आयकर 40,000. शिवाय एका मित्राकडून सही करून घेतलेले हातउसने 2,00,000. एकूण 11 लाख.

म्हणजे वाटायला 17 उणे 11, फक्त 6 लाख होते आणि द्यायचे होते 12 लाख. अशा वेळी रोख रकमेच्या देणग्या सारख्या प्रमाणात कमी होतात. रुपयाला पन्नास पैसे. पुतण्याला 3 लाख, बहिणीला 2, संस्थेला 1. मुलाला "उरलेले" द्यायचे होते, आणि उरलेले काहीच नाही. फ्लॅटला धक्का लागत नाही, कारण ती ठरावीक वस्तू आहे आणि देणी भागवायला बाकीचा पैसा पुरला.

पुतण्याला मात्र 3 लाख जास्त गेलेले आहेत. एक्झिक्युटरने स्वतःहून दिलेली रक्कम, नंतर सगळ्यांचे वाटे पुरत नाहीत म्हणून त्याला सहसा परत मागता येत नाही. बहीण आणि संस्था विचारणार एक्झिक्युटरलाच. एखाद्याला आधी आणि पूर्ण द्यायचा, किंवा स्वतःचा वाटा आधी काढून घ्यायचा अधिकार त्याला नसतो.

म्हणूनच कायद्याने एक्झिक्युटरला वेळ दिला आहे. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत कोणालाही वाटा देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, मृत्युपत्रात लवकर द्या असे लिहिलेले असले तरी. नातेवाईक घाई करू लागले की हे शांतपणे आणि लेखी सांगा. तोवर हायकोर्टाच्या नियमांप्रमाणे जाहीर नोटीस देऊन देणेकऱ्यांचे दावे मागवा. नोटिशीची मुदत संपल्यावर माहीत असलेली देणी भागवून वाटप केले, तर नंतर उगवलेल्या, आपल्याला माहीत नसलेल्या दाव्यासाठी एक्झिक्युटर जबाबदार राहत नाही (कलम 360). तो देणेकरी वाटा घेतलेल्यांच्या मागे जाऊ शकतो, पण तो त्यांचा आपसातला प्रश्न. नोटीशीचा खर्च थोडा वाटेल, पण एवढे मोठे संरक्षण दुसऱ्या कशातून मिळत नाही. ती टाळू नका.

फ्लॅटचेही तसेच. रोख पैसा कमी पडला, तर देणी फेडण्यासाठी फ्लॅटलाही हात लावावा लागतो. म्हणून देण्यांचे चित्र स्पष्ट होईपर्यंत तो मुलीच्या नावावर करायची संमती देऊ नका. मृत व्यक्ती कोणाच्या कर्जाला जामीन होती का, हेही विचारा. जामीनकी बँक उताऱ्यात दिसत नाही.

जो आधी मागेल त्याला आधी देणे

दारात उभा राहणारा देणेकरी आणि फोनवर बोलणारा वसुली एजंट यांचे आधी भागवले जाते. क्रम मात्र असा आहे: आधी वाजवी अंत्यविधी खर्च आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च. मग प्रोबेट आणि मिळकत सांभाळण्याचा खर्च. त्यानंतर मृत्यूआधीच्या तीन महिन्यांत केलेल्या कामाचा मजुराचा, कारागिराचा किंवा घरगड्याचा पगार. मग बाकीची देणी. तारण असलेल्या कर्जाचा त्या तारणावरचा हक्क वेगळा उभा असतो. सरकारी देणी असतील, तर त्यांचा क्रम वकिलाकडून तपासून घ्या.

पैसा पुरेसा असेल, तर क्रम चुकला तरी फारसे बिघडत नाही. पैसा कमी असेल तर बिघडते. समजा पहिल्या तीन पायऱ्या भागवून हातात 3,40,000 उरले, आणि वैयक्तिक कर्ज, कार्ड व मित्राचे मिळून 6,80,000 देणे आहे. तर प्रत्येकाला निम्मे द्यायचे. बँकेला 2,10,000, कार्डाला 30,000, मित्राला 1,00,000. एक्झिक्युटरचे स्वतःचे मृत व्यक्तीकडे काही येणे असेल, तर तेही याच रांगेत, याच प्रमाणात. मित्राला ओळखीने पूर्ण दोन लाख देऊन टाकले, तर बँक तो फरक एक्झिक्युटरकडे मागू शकते.

हिशेब शेवटी लिहू म्हणणे

वर्षभराच्या पावत्या पिशवीत साठवून शेवटी हिशेब मांडायला बसलो, की प्रत्येक शंभर रुपयांवरून वाद होतो. पहिल्या आठवड्यात मिळकतीसाठी वेगळे बँक खाते उघडा. सगळी येणी त्यातच जमा करा आणि सगळी देणी त्यातूनच भागवा. स्वतःच्या खात्यातून खर्च केला असेल, तर पावती लावून तेवढीच रक्कम परत घ्या आणि नोंद करा. वहीत तारीख, कोणाकडून किंवा कोणाला, कशासाठी, रक्कम आणि पावती क्रमांक हे रकाने पुरतात. पावतीवर तोच क्रमांक पेनाने लिहून ठेवा.

एक नोंद बहुतेक वह्यांत चुकते, ती भाड्याची. समजा फ्लॅटचे भाडे महिना 18,000 आहे. मृत्यूआधीचे थकलेले भाडे सामान्य मिळकतीत येते आणि देणी फेडायला वापरता येते. मृत्यूनंतरचे भाडे मात्र फ्लॅटबरोबर मुलीचे. त्यातून फ्लॅटचा खर्च वजा जातो. दोन्ही एकाच रकान्यात गेले, तर मुलीचा पैसा नकळत इतरांच्या देण्यात जातो आणि वर्षाअखेर तो वेगळा काढता येत नाही. या भाड्यासाठी पहिल्या दिवसापासून वेगळे पान ठेवा.

आयकराचीही अशीच विभागणी आहे. मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र मृत व्यक्तीच्या पॅनवर, कायदेशीर प्रतिनिधी म्हणून भरायचे. त्यानंतरचे, वाटप पूर्ण होईपर्यंतचे उत्पन्न एक्झिक्युटर या नात्याने वेगळे दाखवायचे, स्वतःच्या पगारात किंवा धंद्यात मिसळायचे नाही. बँकेला मृत्यूची खबर दिली नाही, तर मुदत ठेवीवरचा टीडीएस जुन्याच पॅनवर कापला जात राहतो आणि नंतर जुळवाजुळव करत बसावे लागते.

वाटा देताना प्रत्येकाला आधी हिशेबाची प्रत द्या, मग पावतीवर सही घ्या. पावतीत रक्कम, मृत्युपत्रातले कलम आणि कमी मिळाले असेल तर त्याचे कारण लिहा: "6,00,000 पैकी 3,00,000, देणी भागवल्यावर रोख देणग्या निम्म्या झाल्यामुळे." शेवटच्या वर्षाचे करनिर्धारण बाकी असेल, तर तेवढी रक्कम खात्यात राखून ठेवा आणि ती राखून ठेवल्याचे सगळ्यांना लेखी कळवा. ती मोकळी झाल्यावर पुन्हा त्याच प्रमाणात वाटायची, खाते बंद करायचे आणि बंद झाल्याचा उतारा हिशेबाला जोडायचा.