सरासरी सारखी, अडचण वेगळी

इंदूरच्या आमच्या शाळेत सातवीच्या चाचणीत अपूर्णांक आणि शेकडेवारी या दोन्ही घटकांची सरासरी दहापैकी 6 आली, तरी उजळणी ठरवण्याआधी मी एका रांगेतील सहा मुलांचे गुण मांडून पाहिले. अपूर्णांकात 5, 6, 7, 6, 5, 7 होते, तर शेकडेवारीत 10, 10, 9, 2, 2, 3. म्हणजे सरासरी तीच, पण तिच्या आसपास कोणीच नाही. सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग करून, त्यांच्या सरासरीचे वर्गमूळ घेतल्यावर प्रमाण विचलन अनुक्रमे 0.8 आणि 3.7 आले. मागे पडलेल्या तिघांनी 400 रुपयांची वस्तू 500 रुपयांना विकल्यावरचा नफा विक्रीकिमतीवर काढून 25 ऐवजी 20 टक्के लिहिला होता. त्यांना वेगळे बसवून खरेदीकिमतीचा पाया समजावला. अपूर्णांक मात्र सगळ्या वर्गाला पुन्हा शिकवले.